रूपक अलंकार कुठे संपतो आणि रूपककथा कुठे सुरू होते: सराव पाठासाठी पायऱ्या

इंग्रजीच्या तासाला ‘मेटाफर’ आणि ‘ॲलेगरी’ असे दोन वेगळे शब्द येतात. मराठीच्या तासाला मात्र दोन्हींसाठी मुलांच्या कानावर एकच शब्द पडतो, तो म्हणजे रूपक. ‘या ओळीत रूपक आहे’ असेही आपण म्हणतो आणि ‘हे भारूड एक रूपक आहे’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात आपल्याला अलंकार अभिप्रेत असतो. दुसऱ्या वाक्यात एका गोष्टीआडून दुसरीच गोष्ट सांगणारी अख्खी रचना अभिप्रेत असते. भर म्हणून संस्कृत नाट्यशास्त्रात नाटकालाच रूपक म्हणतात, त्याचे दहा प्रकार म्हणजे दशरूपके, आणि रेडिओवर लागते तेही ‘संगीत रूपक’. मुलांच्या वहीत गोंधळ दिसला तर आधी दोष या शब्दाला द्यावा.

म्हणून पाठाच्या टाचणात सुरुवातीलाच एक नियम लिहून ठेवा: या तासाला नुसते ‘रूपक’ म्हणायचे नाही. एकीला ‘रूपक अलंकार’ म्हणायचे, दुसरीला ‘रूपककथा’. सोलापुरात हे अधिकच पाळावे लागते, कारण वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात आणि त्या दोन्ही भाषांतही अलंकाराला रूपकच म्हणतात. घरी कुणाला विचारून आलेला मुलगा तोच शब्द घेऊन परततो, फरक घेऊन परतत नाही.

हा लेख नववी-दहावीच्या वर्गावर सराव पाठ घेणाऱ्यांसाठी आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या एका तासिकेत तो बसतो, पण ओढाताण न करता घ्यायचा तर दोन तासिका धरा. एकाच तासात उपमा, उत्प्रेक्षा, अपन्हुती, व्यतिरेक असे सगळे उरकून मग रूपककथेकडे यायचा मोह टाळा. त्या वाटेने गेलेला पाठ रूपककथेपर्यंत पोचतच नाही.

पहिली पायरी: एक वाक्य, पाच मिनिटे

फळ्याचे तीन उभे भाग करा आणि मधला व उजवा भाग कोरा ठेवा. डाव्या भागात हे वाक्य लिहा:

सोलापूरचे ऊन म्हणजे भट्टी.

आधी व्याख्या सांगू नका, दोन प्रश्न विचारा. बोलणे कशाविषयी चालले आहे? उन्हाविषयी. मग भट्टी कशाला आणली? भाजून काढण्याचा गुण दाखवायला. ही झाली ओळख: ज्याविषयी बोलायचे ते ऊन म्हणजे उपमेय, ज्याच्याशी एकरूप केले ती भट्टी म्हणजे उपमान, आणि भाजून काढणे हा दोघांतला समान धर्म. ऊन ‘भट्टीसारखे’ म्हटले असते तर उपमा झाली असती, ‘जणू भट्टीच’ म्हटले असते तर उत्प्रेक्षा. इथे दोन्ही एकच आहेत असे ठासून सांगितले आहे, म्हणून रूपक अलंकार. उपमा-उत्प्रेक्षेवर यापेक्षा जास्त थांबू नका.

आता तिसरा प्रश्न विचारा, कारण पुढचा सगळा पाठ त्यावर उभा राहतो. हे वाक्य शब्दशः खरे आहे का? मुले हसतात, ‘नाही सर, ऊन म्हणजे भट्टी कशी असेल?’ बरोबर. रूपक अलंकाराचे वाक्य शब्दशः घेतले की मोडते. ते मोडते म्हणूनच आपण दुसरा अर्थ शोधायला लागतो. फळ्यावर वाक्याखाली दोन टिपा लिहा: ‘उपमेय वाक्यातच आहे’ आणि ‘शब्दशः घेतले तर खोटे’. या टिपा तास संपेपर्यंत पुसू नका.

इथे एखादा हुशार विद्यार्थी विचारतो, मे महिन्यात कुणी दारातून ओरडले, ‘भट्टी पेटलीय, बाहेर पडू नका’, तर उपमेय कुठे आहे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळू नये. तिथे उपमानाने उपमेयाला गिळून टाकले आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात याला रूपकातिशयोक्ती म्हणतात. वर्गात हे नाव सांगायची गरज नाही. एवढेच सांगा की उपमेय गाळले म्हणून ती रूपककथा झाली नाही. का झाली नाही, ते तिसऱ्या पायरीवर कळेल. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि त्या पायरीला परत या. परत न आल्यास मुलांच्या डोक्यात ‘उपमेय नाही म्हणजे रूपककथा’ असे सोपे आणि चुकीचे सूत्र बसते.

दुसरी पायरी: तेच रूपक पसरून

रूपक अलंकार लांबला की रूपककथा होते, ही सगळ्यात चिवट चूक. ती मोडायला मधल्या भागात असे उदाहरण लिहायचे जे अनेक भागांत पसरलेले आहे, पण रूपककथा नाही. या भागात त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या बसवेश्वरांचे नाव आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याशी जोडले जाते, त्यांचे एक प्रसिद्ध वचन आहे. श्रीमंत लोक शिवाचे देऊळ बांधतील, मी गरीब काय करू, असे विचारून ते कन्नडमध्ये म्हणतात:

एन्न काले कंब, देहवे देगुल, शिरवे होन्न कळसवय्या.

माझे पायच खांब, देहच देऊळ, डोकेच सोन्याचा कळस. वर्गात कन्नड येणारी मुले असतील तर ओळ त्यांच्याकडून म्हणवून घ्या आणि ‘काले’, ‘देहवे’, ‘शिरवे’ यांतला शेवटचा ‘ए’ कशासाठी आहे ते विचारा. तो आपल्या ‘च’सारखा आहे. ‘पाय खांबासारखे’ नव्हे, पायच खांब. रूपक अलंकाराला लागणारी एकरूपता त्या एका अक्षरात येते. व्याकरणाचा असा पुरावा मुलांना पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा लवकर पटतो.

आता मोजा. एक मुख्य रूपक आहे, देह म्हणजे देऊळ. त्याखाली दोन अवयवांची रूपके आहेत, पाय आणि डोके. मुख्य उपमानाचे भाग मुख्य उपमेयाच्या भागांशी असे जोडले की त्याला सांगरूपक किंवा सावयव रूपक म्हणतात. फळ्यावर तीन जोड्या एकाखाली एक लिहा. मग डावीकडच्या दोन टिपा इथे लावून बघायला सांगा. उपमेय वाक्यात आहे का? आहे, तिन्ही ठिकाणी: पाय, देह, डोके. शब्दशः खरे आहे का? नाही. म्हणजे पसरले तरी हे रूपक अलंकाराच्याच कुळातले. लांबीने कूळ बदलत नाही.

तिसरी पायरी: देऊळ उरते, देह दिसेनासा होतो

उजव्या भागासाठी गोष्ट लागते. प्रसिद्ध रूपककथा घेतली तर मुलांना तिचा ‘अर्थ’ गाईडमधून आधीच पाठ असतो आणि पाठाचा हेतूच बुडतो. त्यापेक्षा स्वतः आठ-दहा वाक्यांची गोष्ट लिहून न्या. यंत्रमागाच्या शहरात पुढची गोष्ट चालते, कारण ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा धागा, आणि बाण्याची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, हे अर्ध्या वर्गाला घरूनच ठाऊक असते. उरलेल्यांना तीच मुले समजावतील.

‘एका मागावर ताणा सकाळपासून ताठ उभा असे. मधून बाणा सारखा इकडून तिकडे पळे. एक दिवस ताणा म्हणाला, “मी जागचा ढळत नाही म्हणून ही चादर होते. तुझे काय, आत्ता या काठाला, मग त्या काठाला.” बाणा म्हणाला, “मग विण एकटाच.” दुसऱ्या दिवशी धोटा निघाला, पण पोटातली कांडी रिकामी होती. धोटा खडखडत फेऱ्या मारत राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटले, आज काम जोरात आहे. ताणा पुढे पुढे सरकत राहिला. संध्याकाळी विणकराने चादर उचलायला हात घातला, तर हातात नुसते सुटे धागे आले.’

गोष्ट दोनदा वाचा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा सावकाश. मग डावीकडच्या टिपा लावायला सांगा आणि गंमत बघा. उपमेय कुठे आहे? मुले शोधतात, सापडत नाही. शब्दशः घेतले तर मोडते का? धागे बोलत नाहीत एवढे सोडले तर नाही. मागावरची गोष्ट मागावरची गोष्ट म्हणून पुरी होते. तिला सुरुवात आहे, भांडण आहे, शेवट आहे. लहान मुलाला सांगितली तर तो ‘मग काय झालं?’ विचारेल, ‘म्हणजे काय?’ विचारणारच नाही.

आता सांगा की ही गोष्ट एका घराची आहे. थोरला भाऊ गावात राहून घर-शेत बघतो, धाकटा पुण्याला नोकरीला आहे. आणि मुलांना जोड्या लावू द्या. घाई करू नका, या पायरीला दहा-बारा मिनिटे गेली तरी चालतील. साधारण अशा जोड्या निघतात: ताणा म्हणजे थोरला, बाणा म्हणजे धाकटा, चादर म्हणजे एकत्र घर. धोटा म्हणजे धाकट्याची सणावाराची ये-जा. रिकामी कांडी म्हणजे मन नसताना केलेली ये-जा, माणूस येतो पण काही आणत नाही, बोलत नाही. खडखड म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसणारा घरोबा. सुटे धागे म्हणजे वाटणी.

जोड्या झाल्या की त्या जोड्यांमधले नाते तपासायला लावा. नवशिके शिक्षक नेमके हेच विसरतात. ताणा बरोबर थोरला, हे एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. ताण्याचे बाण्याशी जे नाते मागावर आहे तेच थोरल्याचे धाकट्याशी घरात आहे का, हे बघायचे. मागावर बाण्याशिवाय ताण्याची चादर होत नाही. घरात धाकट्याशिवाय थोरल्याचे घर ‘एकत्र’ राहत नाही. मागावर धोटा फिरतो म्हणून लांबून सगळे ठीक वाटते. घरात ये-जा चालू असते म्हणून लोकांना सगळे ठीक वाटते. वरच्या थरावर एक पाऊल पडले की खालच्या थरावर त्याच्याच जोडीचे पाऊल पडते. दोन्ही थर असे बरोबर चालतात, तेव्हा तिला रूपककथा म्हणायचे.

कोपऱ्यातला प्रश्न आता घ्या. ‘भट्टी पेटलीय’मध्ये उपमेय नव्हते, पण भट्टीचे पुढे काय झाले? काहीच नाही. तिथे थर एकच क्षण उघडतो आणि बंद होतो. पात्रे नाहीत, घटना नाहीत, जोडीने पडणारी पावले नाहीत. म्हणून ते एका वाक्यातले रूपकच राहिले.

शेवटी या पायरीवर एकच साहित्य तिन्ही रूपांत फळ्यावर आणा. डाव्या भागात: थोरला भाऊ म्हणजे आमच्या घराचा ताणा. मधल्या भागात: आमचे घर म्हणजे चादर, थोरला ताणा, धाकटा बाणा, सणावाराची ये-जा म्हणजे धोटा. उजव्या भागात: वरची गोष्ट, जिच्यात भाऊ नाही, घर नाही, सण नाही. तीनही भाग एका नजरेत दिसायला हवेत, म्हणून अक्षर बेताचे काढा. फळा पुसून लिहावे लागले तर तुलना गेली म्हणून समजा.

चौथी पायरी: विंचवाचे भारूड, जिथे दोन्ही मिसळतात

कसोट्या पक्क्या झाल्या की त्यांना ताण देणारे उदाहरण द्यावे. एकनाथांचे विंचवाचे भारूड त्यासाठी उत्तम, आणि पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या मुलांना ते ऐकून माहीत असते. विंचू चावतो, अंगाला घाम फुटतो, वेदना होते, मग उतारा सांगितला जातो. घटना क्रमाने घडतात, म्हणजे कथा आहे. मग ही रूपककथा?

पण विंचू कोणता, ते भारूड सुरुवातीलाच सांगून टाकते: ‘कामक्रोध विंचू चावला’. उपमेय लपवलेले नाही. उताऱ्यातही तसेच, ‘सत्त्वगुण लावा अंगारा’. सत्त्वगुण हे उपमेय, अंगारा हे उपमान, दोन्ही एका ओळीत शेजारी. म्हणजे ओळीओळीला रूपक अलंकार आहे आणि त्या ओळी मिळून एक कथा चालते. मुलांना ‘हे की ते’ असे उत्तर हवे असते. इथे ते देऊ नका. वहीत असे लिहवून घ्या: ‘रचना रूपककथेसारखी चालते. पण उपमेये उघड सांगितली असल्याने ती सांगरूपकाने विणलेली आहे.’ भारुडाला आपण सरसकट रूपकात्मक म्हणतो ते योग्यच आहे, फक्त त्या शब्दात दोन्ही गोष्टी येतात हे मुलांना दिसले पाहिजे.

एकनाथांनी अर्थ का उघडला, हा प्रश्न वर्गाला विचारण्याजोगा आहे. भारूड रस्त्यावर, गर्दीसमोर, सोंग आणून सादर होते. ऐकणाऱ्याला मागे वळून दुसऱ्यांदा वाचता येत नाही. आपल्या मते किल्ली पहिल्याच ओळीत द्यायचे कारण तिथे असावे. उलट कागदावरची रूपककथा किल्ली लपवू शकते, कारण वाचक हवा तेवढा थांबू शकतो.

उलट बाजूची अडचणही एकदा दाखवावी, निदान वरच्या वर्गांना. अकराव्या शतकात कृष्णमिश्राने ‘प्रबोधचंद्रोदय’ नावाचे संस्कृत नाटक लिहिले. त्यात विवेक आणि महामोह हे राजे आहेत आणि त्यांच्यात युद्ध होते. नावे वाचताच अर्थ कळतो, तरी ती रूपकात्मक रचनाच, कारण ‘विवेक म्हणजे राजा’ असे कुणी म्हणत नाही. विवेक स्वतःच पात्र बनून फौज गोळा करतो आणि सगळी कथा त्या पात्रांच्या खांद्यावर चालते. नाट्यशास्त्राच्या अर्थानेही ते रूपकच! शब्दाने इथे दुहेरी गाठ मारली आहे.

कुठे बिनसते आणि कसे ओळखायचे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तात्पर्य आणि रूपककथेचा अर्थ यांची गल्लत. विहिरीतला बेडूक विहिरीलाच जग समजतो, ही बोधकथा. तिच्यातून एक गोष्ट निघते: अनुभव तोकडा असला की माणूस त्यालाच जग मानतो. पण विहिरीची भिंत म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, असे जोड्या लावायला गेलात की ओढाताण सुरू होते. ओळखायची खूण सोपी आहे. मुलांना दोन रकाने आखायला सांगा, ‘वरचा थर’ आणि ‘आतला थर’. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ नैसर्गिकपणे भरली आणि बाकीच्या ओरबाडून भराव्या लागल्या तर ती बोधकथा. तीन-चार ओळी सहज भरल्या आणि त्यांच्यातली नातीही जुळली तर रूपककथा. हा आकडा कुठल्या ग्रंथातला नियम नव्हे, वर्गात वापरायचा अंदाज आहे.

याच्या नेमकी उलट चूक हुशार मुले करतात. त्यांना प्रत्येक वस्तूला अर्थ लावायचा असतो. मागाच्या गोष्टीत विणकर कोण? देव? आजोबा? संध्याकाळ म्हणजे म्हातारपण? इथे थांबवा. गोष्ट उभी राहायला काही सामान लागतेच. चादर उचलायला कुणीतरी हात घालायला हवा, म्हणून विणकर. त्याला जोडी नसली तरी कथेचे काही बिघडत नाही. ‘हा तपशील काढला तर आतला अर्थ बदलतो का?’ असे विचारा. रिकामी कांडी काढली तर बदलतो. संध्याकाळच्या जागी दुपार केली तर बदलत नाही.

तिसरी अडचण प्रतीकाची. सोलापुरात ती हटकून येते, कारण कुणीतरी सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांचे नाव घेतेच. संक्रांतीच्या दिवसांत होणारा अक्षता सोहळा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलेल्या कुंभारकन्येच्या विवाहाची आठवण म्हणून होतो, मग ते रूपक नाही का, असा प्रश्न येतो. ते प्रतीक आहे. एक वस्तू कुणाच्या तरी जागी उभी राहते आणि तिच्याभोवती श्रद्धा, आठवण, परंपरा साठत जाते. रूपककथा प्रतीके वापरू शकते, पण एकटे प्रतीक म्हणजे कथा नव्हे, आणि अलंकार तर नव्हेच, कारण इथे कुणी वाक्य केलेले नाही. एवढे बोलून पुढे जा. श्रद्धेच्या विषयावर वर्गात जोड्या लावत बसू नये.

‘म्हणजे’ या शब्दावर विसंबणेही अंगाशी येते. ‘पहिला पाऊस म्हणजे चिखल’ यात ‘म्हणजे’ आहे, रूपक नाही. पावसाने चिखल होतो एवढेच सांगितले आहे. आणि ‘म्हणजे’ नसतानाही ‘ज्ञानरूपी दिवा’ किंवा ‘मुखचंद्र’ यांत रूपक असते. खूण शब्दावरून न शोधता ‘दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्या का?’ या प्रश्नावरून शोधायला शिकवा. घड्याळाचा काटा, खुर्चीचा पाय अशी जुनी झिजलेली रूपके मुलांनी विचारली तर ‘होय, एके काळी होते, आता तो साधा शब्द झाला’ एवढे उत्तर पुरे.

पाचवी पायरी: सराव, उत्तरांसह

चार नमुने द्या, जास्त नको. प्रत्येकाखाली प्रकाराचे नाव आणि एका वाक्यात कारण लिहायला सांगा. कारणाशिवाय नाव लिहिले असेल तर ते उत्तर धरू नका, अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात.

पहिला: ‘आई म्हणजे घरातला नंदादीप.’ रूपक अलंकार. उपमेय आई वाक्यात आहे, शब्दशः खोटे आहे.

दुसरा: ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’ इथे मुले अडखळतात आणि अडखळायला हवीत. वाक्य शब्दशः शक्य आहे आणि ज्याला टोमणा मारायचा तो माणूस वाक्यात नाही. म्हणजे डावीकडच्या दोन्ही टिपा लागत नाहीत. पण ही रूपककथाही नव्हे, कारण कथा नाही. एकाला उद्देशून दुसऱ्याविषयी बोलणे, ही अन्योक्तीची रीत. कित्येक म्हणी याच रीतीने चालतात. अन्योक्तीला रूपककथेची धाकटी बहीण म्हटले तर मुलांच्या लक्षात राहते, आणि हे म्हणणे हेच एक रूपक आहे हे कुणी ओळखले तर त्याला शाबासकी द्या.

तिसरा: ‘आमची शाळा म्हणजे झाड. शिक्षक मुळे, वर्ग फांद्या, मुले पाने.’ सांगरूपक. चार जोड्या, सगळी उपमेये उघड, घटना एकही नाही. काही मुले जोड्या मोजून रूपककथा लिहितील. त्यांना दुसरी पायरी पुन्हा दाखवा. मग ‘यातले कोणतेही उपमेय न वापरता झाडाची गोष्ट लिहा’ असा गृहपाठ द्या. शाळा हा शब्द टाळताना त्यांना फरक हातानेच कळतो.

चौथा नमुना सगळ्यात उपयोगी, कारण त्याचे उत्तर एक नाही: ‘एसटीच्या पुढच्या काचेवर धूळ बसली होती. चालकाने काच पुसली नाही, कंडक्टरला घंटी जोरात वाजवायला सांगितले. दोन घंट्या ऐकून प्रवाशांना वाटले, गाडी नीट चालली आहे. गाडी खड्ड्यात गेली तेव्हाही घंटी वाजतच होती.’

प्रकार रूपककथा, याबद्दल वाद नको. वाद अर्थावर होतो. समजा एका गटाने लिहिले: चालक म्हणजे गावचा कारभारी, धुळीची काच म्हणजे परिस्थिती न पाहणे, घंटी म्हणजे घोषणा, प्रवासी म्हणजे गावकरी. दुसऱ्या गटाने लिहिले: चालक म्हणजे अभ्यास न करणारा मुलगा, घंटी म्हणजे ‘अभ्यास चालू आहे’ असे सांगणे, प्रवासी म्हणजे पालक. दोन्ही वाचून बघा. दुसऱ्या अर्थात कंडक्टर कोण? मुलगा स्वतःच सांगत असेल तर हुकूम पाळणारा वेगळा माणूस उरत नाही. आणि गाडी खड्ड्यात गेली की प्रवासीही तिच्यासोबत जातात. नापास झाल्यावर पालकांना वाईट वाटते, पण ते नापास होत नाहीत. पहिल्या अर्थात घोषणा करणारे हाताखालचे लोक असतात आणि खड्ड्यात गावकरीच जातात, तिथे नाती टिकतात. म्हणून पहिल्या गटाला पूर्ण गुण द्या. दुसऱ्या गटालाही गुण द्या, पण ‘कंडक्टर?’ असे समासात लिहून वही परत करा. पुढच्या तासाला त्यांनी कंडक्टरसाठी घरातले कुणी शोधून आणले, मुलाची बाजू घेऊन आईवडिलांना ‘तो अभ्यासच करतोय’ सांगणारी आजी किंवा मोठी बहीण, तर त्यांचेही गुण वाढवा.